कंपनीचं इमोबिलायझर बघून दुचाकी घेताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात अमळनेरहून भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी जागावर नही शे." तो रोज रेल्वेने जळगावला कामाला येतो आणि त्याची स्प्लेंडर दिवसभर स्टेशनबाहेर भिंतीशी उभी असायची. हँडल लॉक केलेलं होतं, किल्ली खिशात होती. संध्याकाळी उतरला तेव्हा तिथे नुसती भिंत होती.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे पुढची गाडी, तीही वापरलेली, निवडायचं माझ्यावर आलं. स्प्लेंडर आणि अ‍ॅक्टिव्हा चोरांच्या आवडीच्या का, हे गॅरेजवाल्याला विचारायची गरज नाही. गल्लोगल्ली त्याच उभ्या असतात, सुटे भाग कुठेही खपतात आणि गर्दीत कोणी वळून बघत नाही. पण भाच्याला गाडी हवी होती याच दोनपैकी एक, कारण पार्ट अमळनेरातही मिळतात. म्हणून ठरवलं की निदान इंजिनाला किल्ली ओळखता येईल अशीच घ्यायची.

इथे बहुतेकांची पहिली गफलत होते. साधी किल्ली म्हणजे एक स्विच. ती फिरवली की दोन वायरी जोडल्या जातात, बस. लॉक तोडून कोणी त्या वायरी दुसऱ्या मार्गाने जोडल्या तर गाडीला फरक कळत नाही. इमोबिलायझरवाल्या गाडीत किल्लीत एक चिप असते आणि तिचा कोड गाडीच्या ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडे, नोंदवलेला असतो. कोड जुळला नाही तर ईसीयू इंजिन चालूच देत नाही, मग लॉक फोडा नाहीतर वायरी जोडा. अनेक कारमध्ये अशा वेळी स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा धरून दोन सेकंदांत बंद पडतं.

आता बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांमुळे एप्रिल २०२० पासून साध्या मोटरसायकललाही पेट्रोलचं इंजेक्शन आणि ईसीयू आला. तेव्हापासून "कॉम्प्युटरची गाडी आहे, चोरता येत नाही" असं छातीठोक सांगणारे विक्रेते भेटतात. ईसीयू असणं वेगळं आणि त्याने किल्ली विचारणं वेगळं. स्प्लेंडर प्लसमध्ये ईसीयू आहे, इमोबिलायझर नाही. साइड स्टँड लावल्यावर इंजिन बंद होणं ही तर पडू नये म्हणून केलेली सोय, चोराचा पाय स्टँड वर करू शकतोच की. चावीच्या भोकावरचं सरकतं झाकणही भोकापुरतंच रक्षण करतं.

दुसरी चूक म्हणजे मॉडेलचं नाव ऐकून खात्री करणं. अ‍ॅक्टिव्हाची एच-स्मार्ट ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. इमोबिलायझर आणि स्मार्ट चावी त्या आवृत्तीत आहे. त्याच साली, त्याच रंगात, त्याच शोरूममधून निघालेली साधी अ‍ॅक्टिव्हा चावीच्या भोकाचीच. त्यामुळे आरसीवरचं साल बघून काही ठरत नाही, गाडीपाशी जाऊन बघावं लागतं. एच-स्मार्टला चावीचं भोक नसतं, त्या जागी गोल नॉब असतो.

आम्ही दोन गाड्या बघितल्या. पहिली २०२१ ची. मालक म्हणाला, "इमोबिलायझरवाली आहे भाऊ, रिमोट बघा." रिमोट होता खरा, पण बाजारातून बसवलेल्या अलार्मचा. किल्ली मी माझ्या खिशात ठेवली आणि म्हटलं, दाबा रिमोट. त्याने बटण दाबलं आणि इंजिन सुरू! तो खूश झाला, मी सीटखाली बघितलं. इग्निशनची वायर कापून अलार्मच्या डब्यातून फिरवली होती, वरून काळी टेप, तीही उन्हाने सुटलेली. म्हणजे किल्ली नसताना इंजिन चालू करायचा रस्ता मालकाने स्वतःच पैसे देऊन बसवून घेतला होता. वर हा डबा रात्रंदिवस बॅटरी खातो. ती गाडी सोडली.

दुसरी जळगावातच, पिंप्राळ्यात, २०२३ ची एच-स्मार्ट. चाचणी सोपी होती. मालकाला चावी घेऊन रस्त्याच्या पलीकडे, वीसेक पावलांवर उभं केलं. भाच्याने नॉब दाबून फिरवायचा प्रयत्न केला, हलला नाही. मालक जवळ आला, नॉब फिरला, इंजिन सुरू. मग इंजिन चालू ठेवून त्याला परत पलीकडे पाठवलं. इंजिन चालूच राहिलं. भाचा घाबरला, पण यात बिघाड काही नाही. भर रस्त्यात चावीची बॅटरी संपून इंजिन बंद पडलं तर माणूस ट्रकखाली जाईल, म्हणून ते तसंच ठेवलेलं असतं. पानटपरीवर गाडी चालू ठेवून उतरू नये एवढं मात्र यावरून समजून घ्यावं.

मालकाने हातात एकच चावी ठेवली. दुसरी पुण्याला भावाकडे आहे म्हणाला. तिथेच मी व्यवहार थांबवला. नोंदवलेली चावी बाहेर फिरत असेल तर इमोबिलायझर त्या माणसाला मालकच समजणार. शिवाय उद्या चोरी झाली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते, आणि एक कमी पडली की क्लेम अडतो. (विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचे पैसे मिळतच नाहीत, हेही आधी बघा.) आठ दिवसांनी चावी आली, दोन्हींनी गाडी चालू करून बघितली, मग पैसे दिले. चावी हरवलीच असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चाव्यांची नव्याने नोंद करून घ्या आणि तो खर्च भावातून वजा करा.

गाडी घरी आली आणि खरी चूक तिथे झाली. चावी सुमारे दोन मीटरच्या आत असली की नॉब कोणालाही फिरवता येतो. बहिणीच्या घरी ओट्याला लागून गाडी उभी राहते आणि आतल्या बाजूला, त्याच भिंतीच्या खिळ्यावर, चावी लटकत होती. मध्ये नऊ इंचांची वीट. मी बाहेर जाऊन नॉब दाबला, फिरला. भाचा बघतच राहिला. एवढं इमोबिलायझर शोधून आणलं ते खिळ्याने फुकट घालवलं होतं. डिकीत चावी विसरणंही तसंच.

उलट तक्रारही येते, की चावी हातात आहे आणि नॉब फिरत नाही. आधी चावीतला बटण सेल बदलून बघा. चावी मोबाइलला चिकटून एकाच खिशात असेल तर ती वेगळी करा. तरीही नाही आणि चावीवरचं बटण दाबल्यावर इंडिकेटरही लुकलुकत नाहीत, तर गाडीची बॅटरी बसली आहे असं समजा. स्मार्ट चावीची सगळी यंत्रणा त्या बॅटरीवर चालते. नॉबच फिरत नसेल तर किक मारून उपयोग नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते, म्हणून तिसऱ्या वर्षापासून एप्रिलच्या आधी तपासून घ्या. आणीबाणीत उघडण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते, ती गाडी चांगली असतानाच एकदा वाचून ठेवावी.

इमोबिलायझर इंजिन अडवतं, चाकं नाही. शंभराच्या वर किलोची अ‍ॅक्टिव्हा दोघं जण उचलून छोट्या टेम्पोत टाकू शकतात. डिस्क लॉक सुचवणारे खूप भेटतात, पण भाच्याच्या गाडीला पुढे ड्रम ब्रेक आहे, डिस्क लॉक लावणार कशाला? म्हणून स्टेशनबाहेर मागच्या चाकातून जाड साखळी घालून ती खांबाला बांधतो. चावीचा खिळा आता मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बाजूला आहे. ओट्यावरून नॉब फिरवून बघितला, फिरत नाही.