कोटेशनवरून बिल बनवताना या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडवर बनलेले लोखंडी रॅक पिथमपूरच्या एका कारखान्यात जायचे आहेत. कोटेशन त्यांच्या पुण्याच्या हेड ऑफिसने मागवलं, म्हणून त्यावर २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर आणि १८ टक्के आयजीएसटी. पुढे ऑर्डर मात्र पिथमपूरच्या नावाने, २३ च्या नंबरावर आली. बिल करणाऱ्याने जुनी फाइल कॉपी करून नाव-पत्ता बदलला. नंबर आणि कराचं नाव तसंच राहिलं.

ही चूक बेरजेत सापडत नाही, कारण ९ अधिक ९ काय किंवा १८ काय, रक्कम तीच. पण बिल पुण्याच्या खात्यात दिसतं, पिथमपूरला क्रेडिट मिळत नाही आणि पैसे अडकतात. म्हणून पत्त्याकडे नंतर बघा, आधी तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरांचे पहिले दोन आकडे शेजारी ठेवा. इथे २३-२३ आहे, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी. मात्र ऑर्डर पुण्याचीच असेल, बिलही त्यांनाच जाणार असेल आणि माल फक्त पिथमपूरला उतरवायचा असेल, तर आयजीएसटीच बरोबर. ट्रक मध्य प्रदेशाबाहेर गेला नाही म्हणून कर बदलू नका. ट्रान्सपोर्टवाल्याचा सल्ला इथे घेऊ नये!

आता हिशोब. १२ रॅक, दर ४,८५०, म्हणजे ५८,२००. पाच टक्के सूट २,९१० वजा केली की ५५,२९०. भाडं तुम्हीच लावताय, तर त्याचे १,८०० करापूर्वीच मिळवायचे: ५७,०९०. त्यावर ५,१३८.१० दोनदा, एकूण ६७,३६६.२०, राउंड ऑफ करून ६७,३६६. भाडं कराखाली लिहिलं तर बेरीज ६७,०४२.२० येते. फरक ३२४, म्हणजे बरोबर १,८०० चे १८ टक्के. बेरीज जुळेना तर फरकाला ०.१८ ने भागून बघा. उत्तर बिलातल्याच एखाद्या रकमेशी जुळलं, तर तिच्यावर कर लागायचा राहिलाय.

‘पेमेंट ३० दिवस’ एवढंच लिहिलं की गिऱ्हाईक माल तपासल्यापासून दिवस मोजतं. बिलाच्या तारखेपासून की माल मिळाल्यापासून, ते कोटेशनमध्ये असेल त्याच शब्दांत लिहा. अर्धा ॲडव्हान्स आला असेल तर ३३,६८३ वजा दाखवून बाकी तेवढीच लिहा, नाहीतर त्यांचा अकाउंटंट पूर्ण रकमेची नोंद करून बसतो.

चूक पाठवल्यावर दिसली तर त्याच नंबराचं दुरुस्त बिल गुपचूप पाठवू नका. ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आत रद्द होतं, पण तो नंबर परत वापरता येत नाही. वेळ निघून गेली असेल तर जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढा आणि नवीन नंबराने बिल करा. कर चुकीच्या खात्यात भरून झाला असेल, तर आधी योग्य खात्यात भरून मग जुन्याचा रिफंड मागावा लागतो.