मशीद आतून बघायचीय? मग या चुका टाळा

माझं दुकान नाशिकच्या दूधबाजारात. गावाहून मित्र आले की "मशीद आतून दाखव ना" ही फर्माईश ठरलेली, आणि त्यांच्या चुकाही ठरलेल्या.

पहिली शुक्रवारची. "जुमा म्हणजे बाराची नमाज ना?" म्हणत मंडळी बाराला दारात हजर. अहो, सूर्य ढळल्याशिवाय जुम्याची वेळच लागत नाही. आपलं घड्याळ 82.5 रेखांशावर चालतं आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो 12:35 च्या आसपास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18, फेब्रुवारीत 12:49. जमातीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून नमाज पढायची वेळ त्यानंतरची, आणि ती प्रत्येक मशीद आपापली ठरवते. भिंतीवरच्या फळ्यावर 'जुमा' असं लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

आधी बयान म्हणजे प्रवचन, मग दुसरी अजान, खुतबा म्हणजे अरबीतलं भाषण आणि शेवटी दोन रकात, म्हणजे दोन फेऱ्यांची, फर्ज म्हणजे सक्तीची नमाज. खुतबा चालू असताना नमाजी आपसातही बोलत नाहीत, आणि आपले पाहुणे नेमके तेव्हाच विचारतात, "हा घुमट किती जुना?" फर्ज झाली की संपलं असंही नाही. बरेच जण तिथेच सुन्नत ही जोडीची नमाज पढत उभे राहतात. त्यांच्या समोरून जायचं नाही. मागून जा, नाहीतर थांबा. मी तर शुक्रवारी कुणाला नेतच नाही. इतर दिवशी सकाळी साडेदहाला, तेही आदल्या दिवशी अजान देणाऱ्या मुअज्जिनचाचांना विचारून.

दुसरी चूक हौदाची. माझा एक मित्र, अतिउत्साही. मी चपला ठेवेपर्यंत हा हौदाच्या काठावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडून मोकळा! रामकुंडावर आल्यासारखा. शेजारी वजू करणारे, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुणारे आजोबा नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, पाँव बाहर धोते हैं." हौदातलं पाणी ओंजळीने घ्यायचं, हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओल्या हातांनी डोकं आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय, हे सगळं असं धुवायचं की वापरलेलं पाणी काठाखालच्या नालीत पडेल. त्याच हौदातून पुढचा माणूस चूळ भरणार असतो. मित्राचे कान लाल झाले, आणि माझेही. खरं तर पाहुण्याला वजू करायची गरजच नाही. पाय धुळीने भरले असतील तर वजूखान्यातल्या नळाखाली धुवा, पुसा आणि मगच चटईवर पाय ठेवा. संडासाबाहेरच्या चपला तिथेच सोडा.

कपड्यांचं थोडक्यात: हाफ पँट नको. बाईंना डोक्यावर ओढणी हवी, पण आधी त्यांना आत जाता येतं का ते विचारा; बऱ्याच मशिदींत बायकांची सोय नसते. फोटो विचारूनच, आणि नमाजीचा तर नाहीच.

त्या मित्राला पुढच्या वेळी मी दारातच मोजे काढायला लावले आणि हौदापासून चार हात लांबून नेलं.