आईच्या मोबाईलवर गोळ्यांचं इंग्रजी ॲप सुरू करण्याआधी

ॲप उघडण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांच्या पट्ट्या आणि एक मार्कर समोर घेऊन बसा. माझ्या आईला मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा आहे, चिठ्ठीवर १-०-१. ॲपमध्ये "Every 12 hours" दिसलं की तेच निवडावंसं वाटतं. पण मग सकाळी ९ ची गोळी झाली की पुढची रात्री ९ ला वाजते, आणि आई साडेसातलाच जेवते. ही गोळी जेवणासोबतची आहे, म्हणून "Twice daily" निवडून 9:00 AM आणि 7:30 PM अशा वेळा स्वतः भरा. घरात कुणाला सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट असेल तर "Specific days" मध्ये एकच वार टाका आणि तो दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. ती रोज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता लाल अक्षरातलं "Missed". त्याचा अर्थ एवढाच, की बटण दाबलं गेलं नाही. गोळी घेतली की राहिली, हे ॲपला कळत नाही. आईने एकदा पोहे खाताना गोळी घेतली, फोन आतल्या खोलीत होता. दहा वाजता लाल अक्षरं पाहून ती दुसरी घेणार होती. तेव्हापासून मी प्रत्येक गोळीमागे पट्टीवर मार्करने "सोम स", "सोम रा" असं लिहून ठेवते. "Missed" दिसलं की आधी पट्टी बघायची. गोळी जागेवर नसेल तर "Taken" दाबायचं. जागेवर असेल तर काय करायचं, हे प्रत्येक औषधाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीमागे लिहून घ्या. आमच्याकडे लिहिलंय: जेवण नुकतंच झालं असेल तर लगेच घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर "Skip" दाबा, दोन एकदम कधीच नाही. "Snooze" ने फक्त अलार्म थोड्या वेळाने पुन्हा वाजतो.

"Refill" चा, म्हणजे उरलेल्या गोळ्यांचा आकडा याच बटणांवर चालतो. आम्ही १५ च्या दोन पट्ट्या आणल्या, ॲपमध्ये ३० भरले आणि ६ उरल्या की सूचना यावी असं ठेवलं, म्हणजे हातात तीन दिवस. पण "Taken" दाबल्याशिवाय ॲप गोळी वजा करत नाही. आईकडून पाच वेळा दाबायचं राहिलं. सूचना आली तेव्हा स्क्रीनवर ६ होत्या आणि डब्यात एकच, तीही रात्रीची. म्हणून आता सूचनेचा आकडा १० ठेवलाय. दर रविवारी आई पट्टीतल्या गोळ्या मोजते आणि फरक असला तर मी ॲपमधला आकडा बदलते. ही सूचना मेडिकलवाल्याकडे जात नाही. गोळ्या आपणच आणायच्या, आणि आणल्या की नवा आकडा त्याच वेळी भरायचा.