काड्यांच्या गठ्ठ्यांतून दशक सुटा करून वजाबाकी कशी शिकवावी

तिसरीच्या वर्गात ५२ वजा २८ हे उदाहरण फळ्यावर मांडण्याआधी प्रत्येक गटाला साठ-सत्तर काड्या आणि काही रबरे द्यावीत. खराट्याच्या सारख्या लांबीच्या काड्या चालतात. दहा काड्या झाल्या की रबर लावायचे आणि दहा पुऱ्या नसतील तर लावायचे नाही, एवढा एकच नियम मुलांना सांगावा. गठ्ठे शिक्षकांनी घरून बांधून आणू नयेत, कारण ज्याने दहा मोजून रबर लावले त्यालाच ते सोडल्यावर किती काड्या निघतील याची खात्री असते.

आता पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायला सांगावे. येथे पुष्कळ मुले २८ काड्याही शेजारी मांडू लागतात. त्यांना लगेच थांबवावे. बेरजेत दोन्ही संख्या मांडतात, पण वजाबाकीत २८ काड्या ५२ मधूनच बाहेर काढायच्या असतात.

आठ सुट्या काड्या मागितल्या की मुलांच्या लक्षात येते की हाताशी दोनच आहेत. यावर काय करता येईल ते आपण न सांगता मुलांनाच विचारावे; थोड्या वेळाने कोणीतरी रबर काढतेच. एक गठ्ठा सुटला की चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या होतात. या टप्प्यावर घाई न करता सगळ्या काड्या पुन्हा मोजून घ्याव्यात. त्या ५२ च भरतात, म्हणजे संख्या बदललेली नाही, फक्त मांडणी बदलली आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. म्हणूनच ‘उसना घेतला’ असे म्हणण्यापेक्षा ‘दशक सुटा केला’ म्हणणे मला बरे वाटते. उसने घेतलेले परत कधी करायचे, असा प्रश्न एखादे मूल विचारते आणि तो अगदी रास्त असतो.

मग बारांतून आठ काड्या काढल्या की चार उरतात, आणि चार गठ्ठ्यांतून दोन काढले की दोन उरतात, उत्तर २४. काड्यांची प्रत्येक हालचाल झाली की लगेच ती वहीत नोंदवावी: गठ्ठा सोडला की दशकातील ५ खोडून वर ४ लिहायचा आणि एककातील २ खोडून वर १२ लिहायचे.

वही तपासताना चुकीवर नुसती फुली मारू नये, कारण चुकीचे उत्तरच तिचे कारण सांगते. उत्तर ३६ आले असेल तर मुलाने आठातून दोन वजा केले आहेत, म्हणजे लहान अंक मोठ्यातून काढला आहे. उत्तर ३४ असेल तर त्याने बारातून आठ बरोबर वजा केले, पण सोडलेला गठ्ठा दशकातून कमी केला नाही. उत्तर १४ असेल तर घरी विचारावे. तेथे कोणी जुन्या रीतीने हातचा खालच्या दोनात मिळवायला शिकवले असेल आणि मुलाने दोन्ही रीती एकदम केल्या असतील. मात्र तपासणीसाठी ५२ वजा २७ हे उदाहरण देऊ नये. त्यात पहिल्या दोन्ही चुकांचे उत्तर ३५ च येते, म्हणून मुलाची नेमकी अडचण कळत नाही. एककांतील अंकांत पाचाचा फरक असला की असेच होते.

काही मुले गरज नसतानाही गठ्ठा सोडतात आणि ५७ वजा २३ चे उत्तर २१४ लिहितात. त्यामुळे दोन्ही प्रकारची उदाहरणे मिसळून द्यावीत आणि आधी ‘गठ्ठा सोडावा लागेल का?’ एवढेच विचारावे.

सर्वांत अवघड उदाहरण ३०४ वजा १२८ सारखे असते. येथे दहा गठ्ठे दोरीने बांधून केलेला शंभराचा मोठा गठ्ठा लागतो, आणि काड्या जास्त लागत असल्याने हे वर्गापुढे एकदाच करून दाखवावे. सुट्या काड्या चारच आहेत आणि दहाचा गठ्ठा एकही नाही, म्हणून दोरी सोडून शंभराचे दहा गठ्ठे करायचे आणि त्यांतील एकाचे रबर काढायचे. आता शंभराचे दोन, दहाचे नऊ आणि सुट्या चौदा काड्या आहेत. उत्तर १७६ येते. मूल १८६ लिहीत असेल तर त्याने दोरी सोडली, एककात चौदाही केले, पण दशकात दहाच ठेवले. त्याला वही बाजूला ठेवून गठ्ठे मोजायला लावावे: दहावा गठ्ठा त्याला सुट्या काड्यांत पसरलेला सापडतो.