फॉइल आणि डायकटच्या रेषेसाठी स्पॉट कलर: पत्रिकेच्या कामात शिकलेली गोष्ट

पुण्यातल्या एका प्रेसमध्ये मी डिझायनर म्हणून लागले त्याला दुसराच महिना होता. लग्नपत्रिकेचं काम आलं. गडद मरून कार्ड, वरचा भाग कमानीसारखा कापलेला, मधोमध सोनेरी फॉइलचा गणपती आणि खाली वधूवरांची नावं, तीही फॉइलमध्ये. एक हजार पत्रिका छापून, पंचिंग होऊन आल्या. पहिली हातात घेतली तर कमानीच्या कडेने, किंचित आत, केसाएवढी पांढरी रेघ पळत होती. सगळ्याच पत्रिकांवर होती आणि सगळा माल पुन्हा छापावा लागला.

डायची रेषा मी स्पॉट कलरमध्येच केली होती, तरी हे झालं. म्हणून आधी स्पॉट कलर काय करतो ते सांगते. फॉइल आणि डाय ही शाईची कामं नाहीत. फॉइलसाठी ब्लॉक बनतो, डायसाठी लाकडी फळीत पोलादी पाती बसवतात. पण फाइलमध्ये त्यांना स्वतःची वेगळी प्लेट लागते, आणि ती स्पॉट कलरमुळे मिळते. इलस्ट्रेटरमध्ये `New Swatch` उघडून `Color Type` मध्ये `Spot Color` निवडायचं आणि नाव द्यायचं: `Foil`, `Die`. रंग डोळ्यांना ठळक दिसेल असा कुठलाही ठेवा. मी डायला १०० टक्के मॅजेंटा ठेवते. तो फक्त पडद्यावर दिसण्यापुरता असतो, छापायचा नसतो. नाव मात्र सगळीकडे अक्षरशः एकच हवं. एका ठिकाणी `Foil` आणि दुसरीकडे `Foil 1` झालं, तर दोन प्लेट तयार होतात आणि ब्लॉकमधून वधूचं नाव गळू शकतं.

आता त्या पांढऱ्या रेघेकडे. एका रंगावर दुसरा रंग ठेवला की प्रोग्राम खालचा रंग तेवढ्या जागेपुरता कापून काढतो. याला नॉकआउट म्हणतात. माझ्या डायच्या रेषेने खालचा मरून कापला होता. प्लेट काढताना ऑपरेटरने `Die` बंद केली, ते बरोबरच होतं, पण मरूनमधली फट तशीच राहिली. पंचिंगमध्ये कागद अर्धा मिलिमीटर सरकतोच. पातं फटीच्या बाहेरून गेलं आणि फट पत्रिकेत राहिली.

उपाय एका टिचकीचा आहे. रेषा निवडून `Attributes` पॅनलमध्ये `Overprint Stroke` चालू करायचं. मग खालचा मरून अखंड राहतो. गणपती आणि आउटलाइन केलेली नावं ही भरलेली आकृती असते, म्हणून तिथे `Overprint Fill` लागतं. या दोन्हींत माझी पूर्वी गफलत व्हायची. पार्श्वभूमी कमानीच्या बाहेर ३ मिमी ब्लीडपर्यंत न्या, आणि डाय, फॉइल यांचे लेयर सर्वांत वर ठेवा. रेषा पार्श्वभूमीच्या खाली राहिली तर पार्श्वभूमीच तिला कापून टाकते. सगळं एकदम सिलेक्ट करून ओव्हरप्रिंट लावू नका, कारण पांढरी अक्षरं त्यात नाहीशी होतात.

फॉइलखालचा मरून ठेवायचा की कापायचा, हे मात्र मशीनवाल्यांना विचारूनच ठरवा. ठेवला तर ब्लॉक थोडा सरकला तरी पांढरी कड दिसत नाही. पण जाड शाईवर काही फॉइल नीट धरत नाही, तिथे ते खालची जागा कोरी मागतात. फॉइलची आकृती व्हेक्टर आणि १०० टक्के भरीवच हवी. ब्लॉकला फिका सोनेरी किंवा सावली कळत नाही. तो एकतर दाबतो, नाहीतर दाबत नाही.

पीडीएफ काढताना रंगांसाठी `No Conversion` ठेवते. इनडिझाइनमधून काढत असाल तर `Ink Manager` मध्ये `All Spots to Process` ला टिक नाही ना, हे आधी बघा. ती असेल तर डायची मॅजेंटा रेषा सरळ छपाईतच येते.

पाठवण्याआधी अॅक्रोबॅटमध्ये `Output Preview` उघडते. आधी चारही शाया बंद करते. पडद्यावर फक्त गणपती, नावं आणि कमान राहिली पाहिजे, दुसरं काहीही नाही. मग शाया चालू करून `Die` आणि `Foil` बंद करते आणि कमानीची कड भरपूर मोठी करून बघते. मरून सलग दिसला तर फाइल जाते. त्या पत्रिकेची जुनी फाइल मी नंतर अशीच उघडून पाहिली, आणि कडेची पांढरी रेघ पडद्यावर स्पष्ट दिसत होती.