एक कॉलम भरलेला, शेजारचा रिकामा: अशा ओळी मोजताना या चुका टाळा

वस्तू दिल्याची तारीख एका कॉलममध्ये, परत आल्याची तारीख शेजारच्या कॉलममध्ये. दिल्याची तारीख आहे पण परतीची नाही, अशा ओळी किती? म्हणजेच किती वस्तू अजून बाहेर आहेत? एक्सेलमध्ये यासाठी बहुतेक जण हा फॉर्म्युला लिहितात, आणि यादी स्वच्छ असेल तर तो बरोबर उत्तर देतो:

```
=COUNTIFS(B2:B13,"<>",C2:C13,"")
```

`"<>"` म्हणजे रिकामे नाही, `""` म्हणजे रिकामे. अडचण येते ती यादी स्वच्छ नसल्यावर, आणि रोजच्या वापरातली यादी क्वचितच स्वच्छ असते. चुकीचा आकडा लाल रंगात येत नाही, तो बरोबर आकड्यासारखाच दिसतो. म्हणून एक छोटी यादी घेऊन शेवटपर्यंत तपासून बघू.

यादी बारा ओळींची आहे, 2 ते 13. बी कॉलममधली तारीख दुसऱ्या शीटवरून फॉर्म्युल्याने येते, आणि तिथे नोंद नसेल तर फॉर्म्युला `""` देतो. 2 ते 10 या नऊ ओळींत दिल्याची तारीख आलेली आहे. 11, 12, 13 या ओळी पुढच्या नोंदींसाठी आहेत, तिथे फॉर्म्युला आहे पण दिसत काहीच नाही. सी कॉलममध्ये 2, 3, 5, 6 आणि 9 या ओळींत परतीची तारीख आहे. 4, 8, 10 आणि 11 ते 13 खरोखर रिकाम्या आहेत. सातव्या ओळीत कुणीतरी जुनी तारीख पुसताना डिलीट न दाबता स्पेसबार दाबला आहे.

बोटाने मोजा: बाहेर असलेल्या वस्तू चार. ओळी 4, 7, 8 आणि 10.

वरचा फॉर्म्युला मात्र 6 सांगतो. शंका आली म्हणून अनेक जण दुसऱ्या पद्धतीने पडताळतात, भरलेल्यांतून भरलेले वजा करतात:

```
=COUNTA(B2:B13)-COUNTA(C2:C13)
```

उत्तर पुन्हा 6. दोन्ही पद्धती जुळल्या की माणूस निश्चिंत होतो, आणि खरा धोका इथेच आहे. दोन्ही फॉर्म्युल्यांची नजर सारखीच असल्यामुळे ते सारखेच चुकतात. `COUNTA` आणि `"<>"` या दोघांनाही `""` देणारी सेल भरलेलीच वाटते, कारण तिच्यात फॉर्म्युला आहे. त्यामुळे 11, 12, 13 या तीन ओळी नाहक मोजल्या गेल्या. आणि सातव्या ओळीतली स्पेस दोघांच्याही लेखी मजकूर आहे, म्हणून ती खरोखर बाकी असलेली ओळ गळाली. तीन वाढल्या, एक घटली: चारचे सहा.

वजाबाकीच्या पद्धतीत आणखी एक दोष आहे. तारीख देताना लिहायची राहिली, पण परत आल्यावर लिहिली, अशी एक जरी ओळ असली तरी ती वजाबाकीत एक खरोखर बाकी असलेली ओळ खाऊन टाकते. ही पद्धत कॉलमच्या बेरजा बघते, ओळी बघतच नाही. तिच्यावर कधीच विसंबू नका.

नेमके कुठे बिनसले हे शोधायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डी कॉलममध्ये दोन्ही सेलची लांबी लिहून बघणे:

```
=LEN(B2)&"-"&LEN(C2)
```

हा खाली ओढला की यादी बोलू लागते. चौथ्या ओळीत `5-0` येते. पाच यासाठी, की एक्सेल तारीख संख्या म्हणून साठवतो आणि हल्लीच्या तारखांची संख्या पाच अंकी असते. सातव्या ओळीत `5-1` येते: जिथे काहीच दिसत नाही तिथे एक अक्षर दडलेले आहे. 11 ते 13 मध्ये `0-0`. कुठे `10-0` दिसले, तर ती तारीख बहुधा मजकूर म्हणून टाइप झाली आहे, हेही लगेच कळते. हजार ओळी असतील तर डी कॉलमला फिल्टर लावा, वेगळ्या जोड्या यादीत आपोआप समोर येतील. `ISBLANK` वर मात्र इथे भिस्त ठेवू नका, तो अकराव्या ओळीतल्या बी सेलला रिकामी मानत नाही.

आता दुरुस्ती. मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो हा फॉर्म्युला, गूगल शीट्समध्येही तो असाच चालतो:

```
=SUMPRODUCT((LEN(TRIM(B2:B13))>0)*(LEN(TRIM(C2:C13))=0))
```

`TRIM` मागच्या-पुढच्या स्पेस काढतो, `LEN` उरलेली अक्षरे मोजतो, आणि दोन्ही अटी ज्या ओळीत खऱ्या असतील तीच मोजली जाते. आपल्या यादीवर उत्तर येते 4. `TRIM` न लावता नुसते `(B2:B13<>"")*(C2:C13="")` लिहिले तर 3 येते: खालच्या तीन ओळी सुटतात, पण सातवी अजून हरवलेलीच राहते.

या फॉर्म्युल्याची एक मर्यादा आहे. दोन्ही कॉलमपैकी एका जरी सेलमध्ये `#N/A` सारखी चूक असेल, तर पूर्ण उत्तरच `#N/A` होते. आधी ती चूक निस्तरा, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

`TRIM` लावूनही `5-1` असलेली ओळ मोजली जात नसेल, तर मजकूर बहुधा वेबपेजवरून चिकटवलेला आहे. तिथली न तुटणारी स्पेस `TRIM` ओळखत नाही. मग सी कॉलमचा भाग असा करा:

```
(LEN(TRIM(SUBSTITUTE(C2:C13,UNICHAR(160)," ")))=0)
```

ज्यांना `COUNTIFS` च ठेवायचा आहे त्यांनी बी कॉलममध्ये खऱ्या तारखा असतील तर `"<>"` ऐवजी `">0"` लिहावे, म्हणजे `""` देणाऱ्या ओळी सुटतात. स्पेसची अडचण मात्र तशीच राहते. `"*"` किंवा `"?*"` लिहू नका, त्या खुणा फक्त मजकूर मोजतात आणि खऱ्या तारखा सगळ्या वगळतात. तसेच `"<>"""` ही ओळखीची चूक आहे. तिचा अर्थ 'अवतरण चिन्हाशी न जुळणारी सेल' असा होतो, आणि मग रिकाम्यासकट सगळ्याच मोजल्या जातात.

रेंजकडेही नजर ठेवा. दोन्ही रेंजची लांबी वेगळी असली तर `COUNTIFS` लगेच `#VALUE!` देतो, ते बरेच आहे. पण `B2:B13` सोबत `C3:C14` लिहिले गेले तर लांबी तीच असल्यामुळे तो काहीच तक्रार करत नाही आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या परतीशी ताडतो. आकडा अचानक वेडावाकडा वाटला की सर्वांत आधी हेच बघा. रेंज पूर्ण कॉलमची घेतली असेल आणि खाली 'एकूण' अशी ओळ असेल, तर तिच्यातही बी भरलेला आणि सी रिकामा असतो, आणि उत्तर एकने जास्त येते.