आभाराचा मेसेज तीन वाक्यांत: मी काय चुकवलं

सीएची आर्टिकलशिप संपताना ऑफिसातल्या सीनियर ताईंना आभाराचा मेसेज लिहायला बसले. दोनशे शब्द झाले. सुरुवातीला 'काय लिहावं कळत नाही', मधे माझी भीती, माझ्या चुका, ऑफिसातला चहा, शेवटी 'काही चुकलं असेल तर माफ करा'. एवढं लांब कोण वाचणार, म्हणून कापायला घेतलं आणि तिथेच फसले.

कापताना जे लांब दिसतं ते आधी उडवतो आपण, आणि लांब असतो तो प्रसंग. मी तो उडवला. उरलं ते असं: 'ताई, तुम्ही खूप मार्गदर्शन केलंत. तुमच्याकडून खूप शिकले. तुमची कायम आठवण येईल.' पाठवलं. ताईंचा हात जोडलेला इमोजी आला, बस. दुसऱ्या दिवशी कळलं, बरोबरच्या मुलानेही जवळपास हेच पाठवलं होतं. 'खूप' हा शब्द सोपा, म्हणून तो टिकतो आणि प्रसंगातला बिल नंबर जातो. जायला हवा होता 'खूप'.

मग पुन्हा दोनशे शब्द उघडले आणि उलट केलं. आधी एकच प्रसंग ठेवला. जुलैची २० तारीख, जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची रात्र. पुरवठादाराने बिल '०४७' म्हणून टाकलेलं, आमच्या रजिस्टरमध्ये '४७'. पुरवठादारांनी टाकलेल्या बिलांवरून पोर्टलवर जी यादी बनते, त्या जीएसटीआर-२बीशी जुळेना, म्हणून मला वाटलं बिल राहिलंय, आणि मी ते परत चढवलं. एकाच बिलाचं टॅक्स क्रेडिट दोनदा. ताई ओरडल्या नाहीत.

माझी भीती आणि माफी दोन्ही काढली, कारण ती माझ्याबद्दल होती. चहाही गेला, तो आवडता होता तरी. उरलं हे:

'ताई, २० जुलैच्या रात्री ४७ नंबरचं बिल मी दोनदा घेतलं, तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि "आधी बिल नंबर बघ, रक्कम मग" एवढंच म्हणालात. आता नव्या मुलाला मीही तेच सांगते. त्या रात्री तुमची शेवटची लोकल चुकली हे मला नंतर कळलं, त्याचे आभार राहिले होते.'

पहिल्या वाक्यात त्यांनी काय केलं, दुसऱ्यात ते माझ्यात कुठे उरलं, तिसऱ्यात त्यांना ते केवढ्याला पडलं. भावना तिसऱ्यात आहे, पण पहिलं नसेल तर ती पोचत नाही.

तयार मेसेज कॉपी करणाऱ्यांबद्दल मला काडीचा आदर नाही, आणि 'थोडक्यात लिही' एवढंच सांगणाऱ्या सीनियरांबद्दलही नाही. काय ठेवायचं ते कोणी सांगत नाही. स्वल्पविराम घालून पाच वाक्यांचं एक करू नका, वाचताना दम लागतो. आणि प्रसंगच आठवत नसेल तर दोन साधी वाक्यं पुरतात, घाबरू नका, ओढूनताणून तिसरं नको.

पहिला मेसेज आधीच गेलेला, तरी हा दुसरा पाठवला. ताईंचं उत्तर आलं: 'रिक्षाला साडेतीनशे लागले होते, तेही लिहायचंस.'